मधला भाव: मुदतीआधी विकलेल्या रोख्याचा हिशेब

सोलापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात मी लागले तेव्हा तिथे दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि एक जाड रजिस्टर होतं. एसएलआरसाठी, म्हणजे ठेवींचा ठरावीक हिस्सा सुरक्षित ठेवण्याच्या नियमासाठी, बँकेला सरकारी रोखे ठेवावेच लागतात. ते घ्यायचे, सांभाळायचे आणि कधी पैसे लागले तर विकायचे, एवढं काम. खरेदी-विक्रीचा निर्णय साहेब घ्यायचे. विकल्यावर त्यात काय मिळालं याची टिपणी मात्र माझ्याकडे आली. त्या टिपणीत मी सुरुवातीला जे चुकले, तेच नवीन मुलं आजही चुकताना दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या संचालक मंडळात चादरींचे एक कारखानदार होते. हिशेबाला एकदम पक्के. एका बैठकीत त्यांनी टिपणीवर बोट ठेवलं. "ओ मॅडम, ९५.८४ ला घेतला, ९५.२७ ला विकला. हा तोटा नाही तर काय?" मी म्हटलं, "हो, यील्ड वाढलं म्हणून ५७ पैसे तोटा झाला." साहेब काही बोलले नाहीत, पण बैठक संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "५७ पैसे हा यील्डचा तोटा नाही. यील्डने खाल्ले दोन रुपये सात पैसे. बाकीचे कुणी भरून दिले, ते शोध."

तो रोखा कसा होता ते सांगते. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत. दर्शनी किंमत १०० रुपये, कूपन ६ टक्के, म्हणजे दर सहामाहीला ३ रुपये. घेतला तेव्हा मुदतीला ५ वर्षं बाकी होती आणि बाजारात यील्ड, म्हणजे खरेदीदार मागतो तो वार्षिक परतावा, ७ टक्के होतं. बाजार ७ मागतो आणि रोखा ६ देतो, मग शंभराला कोण घेईल? म्हणून भाव ९५.८४. दोन वर्षांनी, कूपन हातात पडल्याच्या दिवशीच तो विकला. तेव्हा ३ वर्षं उरली होती आणि यील्ड ७.८ टक्क्यांवर गेलं होतं. भाव मिळाला ९५.२७.

खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांच्यामध्ये आणखी एक भाव असतो, पण तो कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो. तो आपणच काढायचा. प्रश्न असा विचारायचा: दोन वर्षं गेली, पण बाजार जागचा हललाच नाही, यील्ड ७ टक्केच राहिलं, तर हा रोखा आज कितीला असता? एक्सेलमध्ये तीन ओळींचं काम आहे:

```
=-PV(3.5%,10,3,100)   → 95.84
=-PV(3.5%,6,3,100)    → 97.34
=-PV(3.9%,6,3,100)    → 95.27
```

पहिली ओळ खरेदीची, तिसरी विक्रीची आणि मधली आपल्या त्या न छापलेल्या भावाची. ३.५ आणि ३.९ ही सहामाही यील्ड आहेत, १० आणि ६ या उरलेल्या सहामाह्या.

आता फोड आपोआप होते. ९५.८४ वरून ९७.३४ पर्यंतची चढण म्हणजे १ रुपया ४९ पैसे. भाव दोन दशांशांत गोल केल्याने इथे आणि पुढेही एखाद्या पैशाचा फरक दिसेल. ही निव्वळ काळाची कमाई. मुदत संपताना सरकार १०० रुपये देणारच आहे, म्हणून स्वस्तात घेतलेला रोखा दिवसागणिक शंभराकडे सरकत राहतो. बाजार वर गेला काय अन् खाली गेला काय, ही ओढ चालूच असते. नंतर ९७.३४ वरून ९५.२७ पर्यंतची घसरण, २ रुपये ७ पैसे. ही यील्ड वाढल्याची किंमत. आणि दोन वर्षांत चार कूपनांचे १२ रुपये.

एक कोटी दर्शनी किमतीवर मांडलं तर संचालकांनाही ते लगेच दिसलं. कूपन १२,००,००० रुपये. शंभराकडच्या ओढीचे १,४९,४०० रुपये. यील्डने नेलेले २,०६,९०० रुपये. बेरीज ११,४२,५००. गुंतवलेली रक्कम ९५,८४,१७० होती, म्हणजे दोन वर्षांचा परतावा ११.९२ टक्के. कूपनांवर मध्ये मिळालेलं व्याज यात धरलेलं नाही. ती रक्कम वेगळी दाखवावी, नाहीतर ती नकळत कूपनच्या रकान्यात जाऊन बसते. कारखानदारांनी कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "म्हणजे ५७,५०० हा तोटाच नव्हे. ही दोघांची वजाबाकी." तेवढ्यात चहा आला आणि विषय थकबाकीकडे गेला.

पण ती वजाबाकी फोडून का दाखवायची? पैसे तर तेवढेच आले. कारण या दोन्ही आकड्यांचे मालक वेगळे आहेत. ओढीचे दीड रुपये आपण खरेदीच्या दिवशीच ठरवून घेतलेले असतात, सात टक्क्यांच्या सौद्यात ते आधीच धरलेले आहेत. यील्डचा भाग मात्र बाजाराचा, आपल्या हाताबाहेरचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा ज्यांच्याकडे स्वस्तात घेतलेले रोखे होते त्यांच्या यील्डच्या तोट्यावर या ओढीने थोडं पांघरूण घातलं. महागात घेतलेल्यांचं तेवढंच जास्त उघडं पडलं.

महागाचं म्हणजे कसं, तेही बघा. त्याच दिवशी, त्याच ७ टक्के यील्डला, ८ टक्के कूपनचा पाच वर्षांचा दुसरा रोखा घेतला असता, तर भाव १०४.१६ पडला असता. दोन वर्षांनी यील्ड न हलता तो १०२.६६ वर आला असता. इथेही ओढ शंभराकडेच आहे, फक्त उतरणीची: उणे १ रुपया ४९ पैसे. यील्ड ७.८ झाल्यावर प्रत्यक्ष विक्री १००.५३ ला, म्हणजे यील्डचे उणे २ रुपये १४ पैसे. कूपनांचे मात्र १६ रुपये. बेरीज १२.३७, १०४.१६ वर ११.८७ टक्के. सहा टक्क्यांचा रोखा ११.९२, आठ टक्क्यांचा ११.८७. जवळपास एकच. "आठ टक्के व्याज देतोय, तोच घ्या" असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांना मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून देते. जास्तीचं कूपन खरेदीच्या वेळी आपण आधीच भरलेलं असतं, आणि ते ओढीच्या रकान्यातून हळूहळू परत जातं.

आता माझी खरी चूक. साहेबांनी शोधायला सांगितलं तेव्हा मी मधला भाव काढलाच नाही. पुस्तकात वाचलेली मॉडिफाइड ड्युरेशन वापरली, म्हणजे यील्ड एक टक्का हललं की भाव साधारण किती टक्के हलतो तो आकडा. खरेदीच्या दिवशी ती ४.२३ होती. ९५.८४ गुणिले ४.२३ गुणिले ०.८ टक्के, म्हणजे यील्डचा तोटा ३ रुपये २४ पैसे. मग ओढ किती? भावातल्या एकूण ५७ पैशांच्या घटीतून उरतील ते, म्हणजे २ रुपये ६७ पैसे. बेरीज बरोबर जुळली, म्हणून मी खुशाल कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. जुळणारी बेरीज हीच फसवी गोष्ट होती. उरलेलं सगळं एका रकान्यात टाकलं की ती जुळणारच.

घोळ कुठे होता? यील्ड जणू पहिल्याच दिवशी वाढलं असं मी धरलं होतं, तेव्हा रोखा पाच वर्षांचा होता आणि यील्डचा मार त्याला जास्त बसतो. विकताना तो तीन वर्षांचाच उरला होता. तीन वर्षांच्या रोख्याची ७ टक्के यील्डला मॉडिफाइड ड्युरेशन २.६९ येते. ९७.३४ गुणिले २.६९ गुणिले ०.८ टक्के केलं की २ रुपये ९ पैसे येतात. ड्युरेशनचा अंदाज सरळ रेषेचा असतो आणि भावाची रेघ थोडी वाकडी असते, म्हणून उत्तर २.०७ पेक्षा किंचित मोठं. हे कळल्यावर माझं पक्कं ठरलं: ड्युरेशन फक्त पडताळ्याला घ्यायची, आणि तीही विक्रीच्या दिवसाची.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे. आधी काळ पुढे नेऊन मग यील्ड बदलायचं, की आधी यील्ड बदलून मग काळ? दुसऱ्या क्रमाने गेलं तर खरेदीच्या दिवशीच यील्ड ७.८ धरून भाव ९२.६६ येतो, यील्डचा भाग उणे ३.१८ आणि ओढ अधिक २.६०. बेरीज तीच उणे ५७ पैसे, पण फोड पार वेगळी. कुठलीच चूक नाही, पण दोन कागदांवर दोन क्रम वापरले तर तुलना कोलमडते. आमच्याकडे रजिस्टरच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय: आधी काळ, मग यील्ड. नव्या माणसाने त्या ऑफिसची रीत आधी विचारावी.

आणखी एक खड्डा आहे, ब्रोकन पीरियड व्याजाचा, म्हणजे शेवटच्या कूपननंतर विक्रीपर्यंत साचलेल्या व्याजाचा. वरचा रोखा कूपनच्या दिवशी विकला म्हणून तो प्रश्नच आला नाही. पण कूपननंतर दोन महिन्यांनी विकला, तर सरकारी रोख्यांत ३० दिवसांच्या महिन्याने हिशेब होतो, ६० दिवसांचं व्याज बरोबर १ रुपया. एनडीएस-ओएम या सरकारी रोख्यांच्या सौद्यांच्या प्रणालीवर दिसणारा भाव हे व्याज सोडून असतो. खरेदीदार ते वर देतो. एकदा मी ते विक्रीच्या भावातही मिळवलं आणि कूपनच्या रकान्यातही. एक कोटीवर एक लाख जास्तीचे कमावले कागदावर! ते सापडलं एका साध्या तपासणीत: खात्यात आलेली विक्रीची पूर्ण रक्कम, अधिक मिळालेली कूपनं, उणे खरेदीला दिलेली पूर्ण रक्कम. हा आकडा आणि तीन रकान्यांची बेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे. तेव्हापासून ब्रोकन पीरियडचं व्याज मी फक्त कूपनच्या रकान्यात ठेवते आणि तिन्ही भाव व्याज वगळूनच लिहिते.

त्या कारखानदारांनी पुढच्या बैठकीत टिपणी हातात घेतली आणि पहिला आकडा सोडून थेट मधला भाव वाचला. मग विचारलं, "आपले बाकीचे रोखे आज कुठे उभे आहेत? याच रीतीने सगळ्यांचं काढून आणा." ते काम तीन संध्याकाळी चाललं. साहेबांनी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती, म्हणून निभावलं.