लग्नसमारंभासाठी भाड्याने पोशाख आणि दागिने घेताना करावयाची तयारी

लग्नाला पाहुणे म्हणून जाताना एका संध्याकाळपुरता भरजरी घागरा, शेरवानी किंवा दागिन्यांचा संच विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यायचे आपण ठरवले असेल, तर दुकानात येण्याआधी दोन गोष्टी नक्की करून याव्यात. समारंभ दिवसा आहे की रात्री, आणि त्या दिवशी पायात नेमके काय घालणार. रंग आणि भरतकाम दुकानात निवडता येते, पण चपलेची टाच ठरल्याशिवाय घागऱ्याची उंची ठरवता येत नाही, आणि भाड्याच्या पोशाखाबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी उंचीच्याच असतात. म्हणून ती चप्पल किंवा तो बूट, तसेच आत घालायचे कपडे, पिशवीत घालून सोबतच आणावेत.

माप नेहमी वापरातल्या पातळ कपड्यांवर घ्यावे, टेप जमिनीला समांतर धरावी आणि श्वास रोखू नये. छाती, कंबर, दंडघेर आणि कंबरेपासून जमिनीपर्यंतची उंची एवढी मापे पुरेशी आहेत. तयार कपड्यांवरचा आकाराचा शिक्का इथे उपयोगी पडत नाही, कारण भाड्याचा कपडा यापूर्वी अनेकांच्या मापाने आत-बाहेर झालेला असतो. त्यामुळे आपल्या मापाची तुलना त्या कपड्याच्या आजच्या प्रत्यक्ष मापाशी करावी आणि आमच्याकडून ते आपल्यासमोर मोजून घ्यावे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एका पाहुणीची अनवाणी उभे राहून कंबरेपासून जमिनीपर्यंतची उंची 38 इंच आहे आणि चपलेची टाच 2 इंचांची आहे, म्हणजे जमीन 40 इंचांवर आली. चालताना काठ पायाखाली येऊ नये म्हणून तो जमिनीपासून अर्धा इंच वर हवा. तेव्हा घागरा साडेएकोणचाळीस इंचांचा लागेल. निवडलेला घागरा 42 इंचांचा असेल, तर अडीच इंच कमी करावे लागतील. ते खालून दुमडल्यास जड भरतकामाचा काठ आत जातो आणि घेर बेढब दिसतो, म्हणून आम्ही कंबरपट्टीखाली आतल्या बाजूने कच्च्या शिलाईने चून घेतो, जी नंतर उसवता येते. आता याच पाहुणीने ऐन वेळी पाय दुखतील म्हणून सपाट चप्पल घातली, तर उंची पुन्हा 38 इंचांवर येते आणि दीड इंच काठ जमिनीवर लोळू लागतो. घागऱ्याखाली फुगवट्याचा कॅनकॅन घालणार असाल, तर तो घालूनच उंची मोजावी, कारण घेर बाहेर फुलला की काठ थोडा वर उचलला जातो.

ब्लाउजचा हिशेब वेगळा असतो. समजा, छातीचे माप 36 इंच आहे आणि ब्लाउज 35 इंचांचा आहे. श्वास घेता यावा, हात वर करता यावेत म्हणून तो 37 इंचांचा हवा. दोन्ही बाजूंच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या भागाला पुरेशी माया सोडलेली असेल, तर चारही ठिकाणी अर्धा अर्धा इंच उसवून 2 इंच मिळतात आणि काम भागते. तरीही निवड करता येत असेल, तर थोडा सैल ब्लाउज घेऊन तो आत घ्यावा, असेच आम्ही सुचवू. कारण साटीन किंवा रेशमावर जुनी शिलाई उसवली की सुईच्या छिद्रांची ओळ दिसत राहते, शिवाय मायेतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद असतो. मुंढ्यात मात्र फारसे काही वाढवता येत नाही. तिथे कपडा काचत असेल, तर तो ब्लाउज कितीही आवडला तरी बाजूला ठेवावा. घालून पाहताना आरशासमोर नुसते उभे राहू नये. खुर्चीवर बसावे, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत आणि वाकून चपलेचा पट्टा लावून पाहावा.

शेरवानीची पारख खांद्यांवरून करावी. लांबी आणि कंबर दुरुस्त होते, खांदा सहसा होत नाही.

दागिने पोशाखासोबतच घालून पाहावेत, नंतर फोटोवरून जुळवू नयेत. जरीचा सोनेरी पिवळसर आणि दागिन्याचा तांबूस असला, तर दिवसाच्या उजेडात तो फरक लगेच जाणवतो. हाराची मागची बाजू हाताने चाचपून पाहावी. खड्यांच्या पकडी वर आलेल्या असतील, तर त्या जाळीदार ओढणीत अडकतात आणि धागा ओढला जातो. बांगड्यांचे माप आतल्या व्यासावर असते: 2.4 म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच आणि 2.6 म्हणजे दोन पूर्णांक सहा सोळांश इंच, त्यामुळे एकाच मापाचा फरक म्हणजे इंचाचा आठवा भाग असतो. बोटांच्या मुळाशी हाताचा रुंद भाग असतो. तिथून बांगडी न दुखता सरकली पाहिजे. कानातले जड असतील, तर केसांत अडकवायचा वेल सोबत मागून घ्यावा.

नकली दागिन्यांमधल्या निकेलने ज्यांच्या कानाला खाज येते, त्यांनी हे आधीच सांगावे. ही प्रतिक्रिया बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उमटते, म्हणून दुकानात दहा मिनिटे घालून त्रास झाला नाही, एवढ्यावरून निश्चिंत राहता येत नाही. काडी निकेल नसलेल्या धातूची आहे का, हे विचारावे. भाड्याच्या दागिन्याला घरी नेलपॉलिशचा थर मात्र देऊ नये.

पोशाख ताब्यात घेताना तो उजेडात उलटा-सुलटा पाहावा, बगलेचे अस्तर, काठाची खालची कड आणि आकडे तपासावेत. आधीचे डाग किंवा गळलेले खडे पावतीवर लिहून घ्यावेत आणि त्यांचे फोटो काढावेत, म्हणजे अनामत परत घेताना वाद उद्भवत नाही. आपल्या आधीच्या ग्राहकाकडून तो कपडा कधी परत येणार आहे, हेही विचारण्यास संकोच करू नये. त्यानंतर धुलाई आणि आपली दुरुस्ती एकाच दिवसात उरकायची असेल, तर दुसरा पोशाख पाहिलेला बरा.

समारंभाच्या दिवशी अत्तर आणि केसांचा फवारा आधी मारून तो सुकू द्यावा, मग पोशाख घालावा आणि दागिने सर्वांत शेवटी. दोन्हींतील रसायनांनी जर आणि मुलामा काळवंडतो. टिकल्यांच्या कामावर घरची गरम इस्त्री फिरवू नये, टिकल्या वितळतात. काही सांडले, तर कोरडा कागदी रुमाल दाबून ओल टिपून घ्यावी. पाणी लावून घासल्यास रेशमावर पाण्याचीच कड उमटते आणि डाग पसरतो. परत करताना डाग कशाचा आहे, हे सांगावे, कारण तेलाच्या आणि शाईच्या डागावर धुलाईत वेगवेगळे उपाय केले जातात. घामाने ओलसर झालेला पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करण्याआधी रात्रभर सावलीत पसरून ठेवावा; जड घागरा मात्र हँगरला टांगू नये, कारण स्वतःच्या वजनाने तो कंबरेपाशी ओढला जातो. दागिने डबीत ठेवताना दोन कानातले, वेल, फिरक्या आणि बांगड्या पावतीवरच्या यादीशी मोजून घ्याव्यात. फिरकी ओढणीच्या घडीत अडकून राहते, म्हणून ओढणी एकदा झटकून मगच पिशवी बांधावी.