एनएससीचं व्याज वर्षागणिक कसं मोजायचं आणि मुदतीनंतर हातात किती येतं

राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, म्हणजे आपली एनएससी, पोस्टातून घेणं फार सोपं आहे. आधार, पॅन, अर्ज आणि पैसे दिले की काम झालं. किमान १,००० रुपये, पुढे शंभरच्या पटीत कितीही. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही. गोंधळ होतो तो नंतर, व्याजाच्या हिशेबात. याबद्दल एजंट, शेजारी आणि मोबाइलवरची कॅल्क्युलेटरं जे सांगतात, त्यातलं निम्मं तरी चुकीचं असतं.

हिशेबाआधी प्रमाणपत्रावरची किंवा पासबुकातली दोन गोष्टी बघा: खरेदीची तारीख आणि त्या दिवशीचा व्याजदर. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण तुमचा दर खरेदीच्या दिवशी ठरतो आणि पाच वर्षं तोच राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतलेल्या एक लाखाच्या प्रमाणपत्राला ६.८ टक्के मिळतात, मग पुढे दर कितीही वाढो. त्या लाखाचे पाच वर्षांनी १,३८,९४९ रुपये होतील. जुलै २०२३ मध्ये घेतलेल्याला ७.७ टक्के, आणि त्या लाखाचे १,४४,९०३. घरात दोन्ही प्रमाणपत्रं असतील, तर त्यांचा हिशेब दोन वेगळ्या कागदांवर करा. बेरीज करून सरासरी दर लावण्याची पद्धत मी पाहिली आहे, तिचं उत्तर कधीच बरोबर येत नाही.

आता १० जुलै २०२३ ला एक लाखाचं प्रमाणपत्र घेतलं असं धरू. व्याज वर्षातून एकदा मोजलं जातं, ते हातात न देता मुद्दलात मिसळलं जातं, आणि पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या रकमेवर ७.७ टक्के लागतात. पहिल्या वर्षी लाखावर ७,७०० रुपये. दुसऱ्या वर्षी मात्र १,०७,७०० वर. असं करत गेलं की तक्ता असा होतो:

| वर्ष | त्या वर्षाचं व्याज (रुपये) | वर्षाअखेरची रक्कम (रुपये) |
|---|---|---|
| पहिलं | ७,७००.०० | १,०७,७००.०० |
| दुसरं | ८,२९२.९० | १,१५,९९२.९० |
| तिसरं | ८,९३१.४५ | १,२४,९२४.३५ |
| चौथं | ९,६१९.१८ | १,३४,५४३.५३ |
| पाचवं | १०,३५९.८५ | १,४४,९०३.३८ |

हा तक्ता साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. एक लाखाला १.०७७ ने गुणा, आलेल्या उत्तराला पुन्हा १.०७७ ने, असं पाच वेळा. प्रत्येक पायरीवरचं उत्तर लिहून ठेवा. फक्त शेवटचा आकडा काढून थांबू नका, कारण मधले चार आकडे पुढे करासाठी लागणार आहेत. रक्कम दहा हजार असेल तर सगळ्या आकड्यांना दहाने भागा, पाच लाख असेल तर पाचने गुणा.

तुमचं उत्तर यापेक्षा वेगळं आलं, तर चूक कुठे आहे ते आकडाच सांगतो. १,३८,५०० आले असतील, तर तुम्ही ७.७ ला पाचने गुणून सरळव्याज लावलं आहे. १,४५,९०३ आले असतील, तर तुमचं कॅल्क्युलेटर सहामाही चक्रवाढ धरतं. १ एप्रिल २०१६ पूर्वी एनएससीला खरंच सहामाही चक्रवाढ होती. नंतर ती वार्षिक झाली, पण जुनी सूत्रं अजून फिरताहेत. १,४६,४०० च्या पुढे उत्तर गेलं, तर तिमाही चक्रवाढ लागली आहे. ती पोस्टाच्या मुदत ठेवीची रीत आहे, इथे तिचा संबंध नाही. आणि कोणी ‘पाच वर्षांत ४४,९०३ मिळतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ नऊ टक्के पडले’ असं सांगितलं, तर तो चक्रवाढीचं व्याज पाचने भागून तुम्हाला फुगवलेला आकडा दाखवतो आहे. दर ७.७ च आहे.

इथपर्यंत सोपं होतं. खरा अवघड टप्पा आहे तो दर वर्षाचं व्याज रिटर्नमध्ये दाखवण्याचा. मलाही हे नीट उमगायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण पैसे तर हातात आलेले नसतात, मग उत्पन्न कसलं दाखवायचं?

एनएससीचं व्याज करमुक्त नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. त्यावर टीडीएस कापला जात नाही, म्हणून बऱ्याच जणांना ते करमुक्त वाटतं. टीडीएस नाही याचा अर्थ एवढाच की कोणी तुमच्या वतीनं कर कापून भरत नाही आणि आठवणही करून देत नाही. हे व्याज ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ या सदरात दाखवायचं असतं.

आता गंमत पहिल्या चार वर्षांच्या व्याजात आहे. हे व्याज तुम्हाला न देता पुन्हा एनएससीतच गुंतवलं गेलं असं मानलं जातं. त्यामुळे जुन्या करपद्धतीत, आपण जिला ८०सी म्हणत आलो त्या वजावटीत, मुद्दलासारखंच हे व्याजही बसतं. म्हणजे एका हातानं ८,२९२.९० रुपये उत्पन्नात धरायचे आणि दुसऱ्या हातानं तेवढेच वजावटीत घालायचे. दीड लाखाच्या मर्यादेत जागा असेल, तर त्या वर्षीच्या व्याजावर कर शून्य.

‘जागा असेल तर’ हे शब्द लोक सोडून देतात. पीएफ, विम्याचा हप्ता, घरकर्जाचं मुद्दल यांनी दीड लाख आधीच भरले असतील, तर व्याजाला वजावट उरत नाही आणि त्यावर कर लागतोच. तरीही दर वर्षी दाखवणंच मला योग्य वाटतं, कारण तो भार पाच वर्षांत विभागला जातो. एकदम ४४,९०३ एकाच वर्षाच्या उत्पन्नात पडले, तर वरच्या टप्प्याजवळ असलेल्यांना ते झोंबतं.

पाचव्या वर्षाचं व्याज मात्र वेगळं. ते पुन्हा गुंतवलं जात नाही, सरळ तुमच्या खात्यात येतं, म्हणून त्याला वजावट नाही. आपल्या उदाहरणात हे १०,३५९.८५ रुपये पूर्ण करपात्र आहेत. पाचही वर्षांचं व्याज वजावटीत घालणारे रिटर्न मी पाहिले आहेत, आणि भरून देणाऱ्यानं ते बिनदिक्कत घातलेले होते.

दुसरा पेच आर्थिक वर्षाचा. तुमच्या प्रमाणपत्राचं वर्ष जुलै ते जुलै आहे, रिटर्नचं एप्रिल ते मार्च. काही जण व्याजाचे महिन्यांवर तुकडे पाडून दोन्हीकडे वाटतात आणि दोन वर्षांत स्वतःच त्यात हरवतात. एनएससीचं व्याज वर्ष पूर्ण झाल्यावर जमा धरलं जातं, म्हणून वर्धापनाची तारीख ज्या आर्थिक वर्षात येते त्या वर्षात ते पूर्ण दाखवा. आपल्या प्रमाणपत्राचं पहिलं वर्ष १० जुलै २०२४ ला पूर्ण झालं, म्हणून ७,७०० रुपये २०२४-२५ मध्ये. ८,२९२.९० हे २०२५-२६ मध्ये, ८,९३१.४५ हे २०२६-२७ मध्ये, ९,६१९.१८ हे २०२७-२८ मध्ये. शेवटचे १०,३५९.८५ हे २०२८-२९ मध्ये, वजावटीशिवाय. २०२३-२४ मध्ये फक्त मुद्दल वजावटीत जातं, व्याज काहीच नाही. वरच्या तक्त्याशेजारी आर्थिक वर्षाचा आणखी एक रकाना आखून तो कागद पासबुकातच घडी घालून ठेवा.

एक इशारा. व्याज उत्पन्नात न दाखवता फक्त वजावटीत घालणं ही चलाखी करू नका. दोन्ही नोंदी जोडीनं जातात. आधीची वर्षं दाखवायची राहून गेली असतील आणि त्या वर्षाचं सुधारित रिटर्न भरण्याची मुदत संपली असेल, तर चालू वर्षात मागची सगळी वजावट एकत्र मागता येत नाही. त्या स्थितीत पैसे मिळतील तेव्हा संपूर्ण ४४,९०३ उत्पन्नात दाखवणं हा सरळ मार्ग आहे. चार वर्षांची वजावट गेली, ती गेली. पण दोन वर्षं दाखवलं, दोन वर्षं नाही, आणि शेवटी पुन्हा सगळंच दाखवलं, असा खिचडी हिशेब केलात तर त्याच व्याजावर दोनदा कर भराल.

नव्या करपद्धतीत ही वजावट मुळातच नाही. तिथे प्रश्न एवढाच की व्याज दर वर्षी दाखवायचं की शेवटी एकदम. एक रीत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. पगारदार माणूस एका वर्षी जुन्या आणि दुसऱ्या वर्षी नव्या पद्धतीत जाऊ शकतो. अशा वेळी व्याज दर वर्षी दाखवत राहा, वजावट फक्त जुन्या पद्धतीच्या वर्षांत मागा.

मुदत संपल्यावरचं काम किरकोळ आहे. १० जुलै २०२८ नंतर पासबुक किंवा प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि बंद करण्याचा अर्ज घेऊन पोस्टात जा, रक्कम बचत खात्यात घ्या. खात्यात आलेला आकडा तुमच्या कागदावरच्या १,४४,९०३ शी ताडून बघा, पैशांचा फरक सोडून द्या. शंभर-हजारांचा फरक दिसला, तर आधी दर तपासा, बहुतेक वेळा तुम्ही दुसऱ्याच प्रमाणपत्राचा दर धरलेला असतो.

पैसे तिथेच पडू देऊ नका. मुदतीनंतर ७.७ टक्क्यांची चक्रवाढ थांबते, आणि एनएससी आपोआप पुढे चालू राहत नाही. पुन्हा गुंतवायचे असतील, तर त्या दिवशीच्या दरानं नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शिवाय मुदत संपून तीन वर्षं झाली तरी बंद न केलेली खाती पोस्ट गोठवतं. मग ते उघडून घ्यायला पुन्हा कागदपत्रं आणि फेऱ्या.