अंडाकरी: अंडी मऊ राहावीत म्हणून रश्श्यात घालण्याआधी हलकी परतून घ्या

अंडाकरीतलं अंडं चिवट लागलं की दोष बहुतेक वेळा रश्श्याला दिला जातो. खरं कारण वेगळंच असतं. अंड्याचा पांढरा भाग जितका जास्त वेळ उकळत राहतो तितका तो आकसतो, आतलं पाणी सोडतो आणि रबरासारखा होतो. अंडी आधी जास्त उकडायची आणि मग चव आत मुरावी म्हणून रश्श्यातही वीस मिनिटं उकळत ठेवायची, यातच सगळं बिघडतं.

परतण्याने अंडं आतून मऊ होत नाही, हे आधीच सांगतो. परतल्यावर अंड्याचा गुळगुळीत पृष्ठभाग सुकून थोडा खडबडीत होतो. त्यावर रस्सा धरून राहतो, त्यामुळे अंडी फार वेळ शिजवावी लागत नाहीत. शिवाय ढवळताना ती सहज फुटतही नाहीत.

सहा अंड्यांचं प्रमाण धरू. फ्रिजमधली अंडी अर्धा तास बाहेर ठेवा. पातेल्यात पाणी उकळलं की झाऱ्याने अंडी अलगद सोडा, आच मध्यम करा आणि मध्यम आकाराच्या अंड्यांना नऊ मिनिटं द्या. बलक घट्ट होतो, पण भुगा होत नाही. लगेच अंडी बर्फाच्या पाण्यात टाका आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. हे टाळलं तर आतल्या उष्णतेने अंडी शिजतच राहतात. बलकाभोवती हिरवट-करडी कड दिसली, तर अंडी जास्त उकडली गेली असं समजा. बलकातलं लोह आणि पांढऱ्या भागातून सुटणारा गंधकयुक्त वायू यांच्यामुळे ती येते. खायला अपाय नाही, पण असं अंडं परतूनही पुन्हा मऊ होणार नाही.

सोलताना पांढरा भाग टरफलाला चिकटून निघत असेल, तर अंडी फार ताजी आहेत. आठवडाभर जुनी अंडी सहज सोलली जातात.

सोललेली अंडी स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडी करा. ओलं अंडं तेलात पडलं की तडतडतं आणि परतण्याऐवजी वाफवलं जातं. मग प्रत्येक अंड्याला सुरीने तीन-चार उभ्या चिरा द्या, पण बलकापर्यंत जाऊ देऊ नका. चिरा नसतील तर आत वाफ कोंडून अंडं तेलात फटकन फुटू शकतं. खोल असतील तर बलक रश्श्यात उतरतो.

ज्या कढईत रस्सा करायचा आहे तिच्यातच दोन चमचे तेल मध्यमपेक्षा कमी आचेवर तापवा. पाव चमचा हळद, चिमूटभर मीठ घाला आणि लगेच अंडी सोडा. कढई हलवत अंडी फिरवत राहा. दीड-दोन मिनिटांत पृष्ठभागावर पिवळसर झाक आणि इथेतिथे बारीक सोनेरी डाग दिसतात. तिथेच थांबा. सगळं अंडं तांबूस होईपर्यंत परतलं तर वर चामड्यासारखी साल येते. काहींना ती आवडते, पण मग मऊपणाची अपेक्षा सोडावी. लाल तिखट घालायचं असेल तर शेवटी, गॅस बंद केल्यावर घाला. तापलेल्या तेलात ते क्षणात करपतं आणि कडवट होतं. अंडी ताटलीत काढून ठेवा.

आता त्याच तेलात आणखी दोन चमचे तेल घालून दोन कांदे बदामी होईपर्यंत परता. त्यात आलं-लसूण पेस्ट, मग दोन टोमॅटो, धणेपूड, तिखट आणि मीठ घाला. कडेने तेल सुटेपर्यंत परतणं महत्त्वाचं, कारण अंडी घातल्यावर मसाला शिजवायला वेळ मिळणार नाही. दीड वाटी गरम पाणी घालून रस्सा दहा मिनिटं उकळू द्या. चव घेऊन पाहा. कच्च्या मसाल्याचा वास गेला नसेल तर अजून थोडं थांबा. अंडी घालायची घाई करू नका.

रस्सा पूर्ण तयार झाला की आच मंद करा, अंडी सोडा आणि झाकण ठेवून चार-पाच मिनिटं ठेवा. रस्सा खदखदू देऊ नका, कडेने एखादाच बुडबुडा यावा. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकूनच ठेवा. या निवांत वेळेत चिरांमधून मसाला आत जातो आणि पांढरा भाग कडक होत नाही.

उरलेली करी गरम करताना अंडी बाजूला काढून आधी रस्सा नीट उकळा, मग अंडी अर्धी चिरून त्यात सोडा आणि मंद आचेवर ती गरम होईपर्यंत ठेवा. अख्खं उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. आत साठलेल्या वाफेने ते बाहेर काढल्यावर, अगदी चावताक्षणीही फुटू शकतं.