वेबसाइट बनवून दिलेल्या क्लायंटला देखभालीची सेवा सुचवण्याआधीची तयारी

वेबसाइट बनवून दिली, पैसे मिळाले, संबंध चांगले आहेत आणि आता त्याच क्लायंटला मासिक देखभाल सुचवायची आहे. हे बोलणं गळ्यात मारल्यासारखं वाटेल की नाही, हे मेसेजच्या शब्दांपेक्षा त्याआधीच्या तयारीवर जास्त ठरतं. म्हणून ही यादी मेसेज लिहिण्याच्या बरीच आधी सुरू होते.

पहिलं काम म्हणजे मागच्या सहा महिन्यांचे मेल, व्हॉट्सअॅप आणि फोनच्या नोंदी काढून बसणं. ठरलेल्या कामाबाहेरचं क्लायंटनं जे जे मागितलं, ते तारखेसह एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर लागलेला वेळ लिहा. समजा, क्लायंट एक प्रशिक्षण संस्था आहे आणि कागदावर नऊ नोंदी निघाल्या. चार वेळा बॅचच्या तारखा बदलून हव्या होत्या, दोन वेळा फोटो बदलायचे होते, एकदा पासवर्ड विसरला होता, एकदा प्लगिन अपडेट केल्यावर साइटवर पांढरा पडदा आला होता आणि एकदा चौकशीचा फॉर्म भरला तरी संस्थेला मेल येत नव्हता. सगळे मिळून सुमारे सात तास लागले.

आता या नऊ नोंदींकडे क्लायंटच्या बाजूनं बघा. तारखा, फोटो आणि पासवर्ड या सात नोंदींसाठी त्यांना कुठल्याही सेवेची गरज नाही. अर्धा तास स्क्रीन दाखवून शिकवलं आणि चार ओळींची टिपणी दिली, तर त्यांच्या ऑफिसमधला माणूस हे स्वतः करेल. उरल्या दोन नोंदी, अपडेट आणि फॉर्म. इथे मात्र कोणीतरी नियमित लक्ष ठेवायला हवं, कारण ही बिघाडं क्लायंटला वेळेवर दिसतच नाहीत. फॉर्म बंद पडला की साइट नेहमीसारखीच दिसते, फक्त चौकश्या येत नाहीत, आणि मालकाला वाटतं की सध्या मागणी कमी आहे. सुचवायची सेवा या दोन नोंदींपुरतीच ठेवा. सात नोंदीही पॅकेजमध्ये घालायचा मोह होतो, कारण त्यानं आकडा मोठा दिसतो. पण स्वतः करता येण्यासारख्या कामाचे आपण महिन्याला पैसे देतोय हे क्लायंटच्या कधीतरी लक्षात येतंच, आणि त्या दिवशी उरलेल्या कामाबद्दलही शंका सुरू होते.

दुसरं काम म्हणजे जुना करार आणि कोटेशन उघडणं. यातलं आपण मुळात देणं लागतो असं काही आहे का, हे तपासा. फॉर्मचंच घ्या. वर्डप्रेसवर वेगळी सोय केली नसेल, तर फॉर्मचा मेल साधारणपणे थेट होस्टिंगच्या सर्व्हरवरून जातो. त्या सर्व्हरला तुमच्या डोमेनच्या नावानं मेल पाठवायची परवानगी आहे हे डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदींत नसेल, तर समोरचा मेलबॉक्स तो मेल स्पॅममध्ये टाकतो किंवा नाकारतो. फॉर्म तुम्ही बसवला असेल आणि ही जुळणी राहिली असेल, तर ते तुमचंच अर्धवट राहिलेलं काम आहे. रीतसर मेल खात्याच्या एसएमटीपीवरून मेल जाईल अशी जोडणी करा, नोंदी नीट करा, दोन-तीन वेगवेगळ्या मेलबॉक्सवर चाचणी घ्या आणि बिल लावू नका. मुख्य म्हणजे दुरुस्ती झाल्याच्या त्याच मेलमध्ये देखभालीचा विषय काढू नका. तसं केलं की दुरुस्तीच विक्रीचं निमित्त वाटायला लागते. दोन आठवडे जाऊ द्या, चौकश्या नीट येताहेत अशी खात्री त्यांच्याकडूनच होऊ द्या.

एखादी तक्रार उघडी असेल, बिलावरून वाद चालू असेल किंवा त्यांच्याकडे तुमचं काम बघणारी व्यक्ती नुकतीच बदलली असेल, तरी थांबा. नव्या माणसाला आधी जुनं काम कळू द्या.

तिसरं, साइटची सध्याची स्थिती. इथे एक मर्यादा काटेकोर पाळायची आहे. साइट बनवताना मिळालेला अॅडमिन पासवर्ड त्या कामापुरता होता. काम संपल्यावर न विचारता आत शिरून प्रलंबित अपडेट मोजणं आणि ती संख्या क्लायंटला दाखवणं हा विश्वासाचा भंग आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. बाहेरून कोणालाही दिसतं तेवढंच आधी बघा. फॉर्म चालतो का? साइटच्या एसएसएल प्रमाणपत्राची मुदत कधी संपते? लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रं 90 दिवसांची असतात आणि ती आपोआप नवी होत राहणं अपेक्षित असतं, त्यामुळे मुदतीला आठवडाच उरला असेल, तर नूतनीकरण कुठेतरी अडलेलं असण्याची शक्यता आहे. असं काही दिसलं तर लगेच आणि विनाअट कळवा. ते प्रस्तावासाठी राखून ठेवायचं नाही.

आतलं बघायचं असेल तर परवानगी मागा आणि मिळाली तर `Site Health` चं पान, शेवटच्या बॅकअपची तारीख आणि तो बॅकअप कुठे साठतो, एवढं पाहा. बॅकअप साइटच्याच सर्व्हरवर असेल, तर सर्व्हर गेल्यावर दोन्ही जातात. होस्टिंगच्या योजनेत रोजचा बॅकअप किंवा अपडेट आधीच मिळत असतील, तर तेवढा भाग तुमच्या सेवेतून काढून टाका. क्लायंट एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरतोय हे त्याला दुसऱ्या कोणी दाखवून देण्याआधी तुम्ही दाखवलेलं बरं.

त्यानंतर सेवेचं माप ठरवा. आपल्या उदाहरणात ते महिन्याला दोन तास एवढंच बसतं. आठवड्यातून एकदा फॉर्म भरून मेल पोचतो का पाहणं, महिन्यातून एकदा अपडेट आधी साइटच्या प्रतीवर आणि मग खऱ्या साइटवर करणं, तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून साइट प्रत्यक्ष उभी करून बघणं आणि महिनाअखेर पाच ओळींचा अहवाल. यातला बॅकअप उभा करून बघण्याचा भाग बहुतेक जण गाळतात. बॅकअपची फाइल आहे म्हणजे साइट परत येईलच असं नसतं. कधी डेटाबेस अर्धवट असतो, कधी फोटोंचा फोल्डर वगळलेला असतो, आणि हे उभं केल्याशिवाय कळत नाही.

काय मिळणार नाही तेही लिहा. नवी पानं, डिझाइनमधले बदल आणि मजकूर यात नाहीत. न वापरलेले तास पुढे जातात की नाही, तेही आत्ताच ठरवा. मुदत महिन्याची ठेवा आणि एक महिना आधी कळवून बंद करण्याची मोकळीक द्या. वर्षभराचे पैसे आगाऊ मागितले की क्लायंट सेवेचा विचार सोडून जोखमीचा विचार करायला लागतो.

प्रस्ताव कोणाला द्यायचा हेही आधीच पक्कं असावं. रोज तुमच्याशी बोलणाऱ्या मॅडम एक आणि पैसे मंजूर करणारे सर दुसरे, असं बऱ्याच ठिकाणी असतं. थेट सरांना गाठलं की मॅडमना डावलल्यासारखं होतं, आणि पुढे सगळं काम त्यांच्यामार्फतच चालायचं असतं. आधी त्यांनाच विचारा आणि सरांपुढे ठेवता येईल असा एक पानी कागद त्यांच्या हाती द्या.

आता मेसेज. बिलाच्या मेलच्या शेवटी जोडू नका, सणाच्या शुभेच्छांमध्ये घालू नका, स्वतंत्र पाठवा. वरच्या उदाहरणासाठी तो असा होईल:

«नमस्कार मॅडम, मागच्या सहा महिन्यांतल्या आपल्या कामाच्या नोंदी पाहिल्या. एकदा अपडेटनंतर साइट बंद पडली होती आणि एकदा फॉर्मचे मेल येत नव्हते. दोन्ही आता ठीक आहे, पण पुन्हा असं झालं तर लवकर लक्षात येण्याची सोय सध्या नाही. त्यासाठी महिन्याला दोन तासांचं काम लागेल असा माझा अंदाज आहे. हेच तुमच्या ऑफिसमध्येही करता येईल, त्याची टिपणी मी देऊ शकतो. बॅचच्या तारखा आणि फोटो बदलायला मात्र वेगळी सेवा घेऊ नका, ते अर्ध्या तासात शिकवून होईल. तपशील एका पानावर पाठवू का? गरज वाटत नसेल तरी चालेल, आत्ताची व्यवस्था आहे तशीच राहील.»

यात घडलेल्या दोनच गोष्टी आहेत आणि त्या मॅडमना आधीच ठाऊक आहेत. «तुमची साइट कधीही हॅक होऊ शकते» हे वाक्य नाही. ते चूक नसलं तरी इथे त्याला आधार नाही, आणि भीती घातल्याचं माणसाला लगेच कळतं. «फक्त या महिन्यापुरती सवलत» नाही. रक्कमही नाही, कारण आधी तपशील हवा का एवढंच विचारायचं आहे. त्यांनी हो म्हटलं की पाठवायच्या पानावर मात्र रक्कम ठळक असू द्या. ती शोधावी लागली तर बाकीचं पान कोणी वाचत नाही.

फोन आला तर जवळ नऊ नोंदींचा तो कागद ठेवा आणि बोलण्याआधी विचारा की चौकशीचे मेल सध्या कोण बघतं, ते एक दिवस आले नाहीत तर कोणाच्या लक्षात येईल, आणि अपडेटची सूचना दिसल्यावर ते काय करतात. उत्तरात «आमचा आयटीवाला दर आठवड्याला बघतो» असं आलं, तर सेवेची गरज नाही असं तिथेच सांगा आणि त्यांच्या आयटीवाल्याला टिपणी पाठवा.

«बघू, सरांशी बोलते» याला होकार समजू नका, नकारही समजू नका. «पंधरा दिवसांनी एकदा विचारू का?» असं विचारून तारीख ठरवा, त्या दिवशी एकदाच विचारा आणि उत्तर आलं नाही तर विषय सोडा. तिसऱ्यांदा विचारलं की त्या तुमचे कामाचे मेलही उशिरा उघडायला लागतात.

नकार आला तर त्याच दिवशी ती स्वतः करायची टिपणी पाठवा, कबूल केलेली आहे. पुढे फॉर्म पुन्हा अडला आणि फोन आला, तर नेहमीच्या तासाच्या दरानं, नेहमीच्या वेगानं दुरुस्त करा. जुन्या प्रस्तावाची आठवण तुम्ही काढू नका. त्यांनी काढली, तर जुना कागद जसाच्या तसा पाठवू नका, मधल्या काळातल्या नोंदी जोडून दोन तासांचं माप अजून बरोबर आहे का ते आधी तपासा.