इरकल साडीच्या फोटोचा रंग बदलताना प्रॉम्प्टमध्ये कापड कसं सांगावं

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानात, उभे आणि आडवे धागे वेगवेगळ्या रंगांचे असलेली धूपछाव इरकल एकाच नमुन्यात तीन रंगांत आली: डाळिंबी, मोरपंखी आणि मोहरी. पुतळ्यावर नेसवून नीट फोटो निघाला तो फक्त डाळिंबीचा. बाकीच्या दोन रंगांचे फोटो एआयच्या इमेज टूलकडून करून घ्यायचे ठरलं. दुकानदार काकांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीने डाळिंबी फोटो टूलला दिला आणि लिहिलं, "साडीचा रंग मोहरी पिवळा कर."

आलेला फोटो देखणा होता, पण साडी वेगळीच झाली होती. अंग सॅटिनसारखं गुळगुळीत, पिवळा रंग झगझगीत आणि लाल पदरसुद्धा पिवळा. काकांनी घडीतली खरी मोहरी साडी काउंटरवर शेजारी ठेवली. तिचा पिवळा दबलेला होता, त्यात हिरवट झाक होती.

"काका, टूलला मोहरी रंग कळला नाही बहुतेक."

"रंग कळला गं. कापड काय आहे ते आपण कुठे सांगितलं? आधी भिंग घे आणि धागे बघ."

आधी धागे बघा, मग लिहा

कापड बघायचं साधं भिंग पुरतं. साडीच्या अंगावर ठेवून उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा, दोन्ही वेगवेगळे बघायचे. या साडीत ताणा काळा निघाला आणि बाणा मोहरी. डाळिंबी आणि मोरपंखी साड्यांतही ताणा काळाच होता, फक्त बाणा बदललेला. यात नवल नाही. मागावर ताणा चढवणं हे वेळखाऊ काम असतं, त्यामुळे एकदा चढवलेल्या ताण्यावर बाण्याचे रंग बदलत वेगवेगळ्या साड्या काढल्या जातात.

म्हणून अशा साडीत "रंग बदल" ही सूचनाच अपुरी आहे. खरं तर अर्धेच धागे बदलतात. काळ्यावर पिवळा विणला की लांबून डोळ्याला ते मिश्रण हिरवट, मातकट दिसतं, आणि टूलला नुसतं "मोहरी" सांगितलं तर काळा ताणा त्याच्या हिशेबात कुठेच नसतो.

मग पदर. इरकलच्या पदराचा ताणा वेगळा असतो. तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, या पद्धतीला टोपे तेनी म्हणतात. पारंपरिक पदर लाल असतो आणि त्यावर पांढरी नक्षी असते. अंग कोणत्याही रंगाचं असो, पदर लालच राहतो. हे प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहिलं नाही, तर टूल पदरालाही अंगाच्या रंगात ओढतं.

काठाकडे मात्र मुलीचं लक्ष आधी गेलं. "काका, काठ तिन्ही साड्यांत सारखा नाही. मोरपंखीचा लाल जरा जांभळट आहे."

काकांनी भिंग लावलं. काठासाठी वेगळा धोटा वापरलेला नव्हता. अंगाचाच बाणा काठातून आरपार गेला होता, म्हणून लाल ताण्यात मोरपंखी धागा मिसळला होता. "मग काठाला 'तसाच ठेव' लिहायचं नाही," काका म्हणाले. "लाल ठेव, पण किंचित मोरपंखी झाकेचा, असं लिही." ज्या साडीच्या काठाचा ताणा फार दाट असतो किंवा काठ वेगळ्या धोट्याने विणलेला असतो, तिथे अशी झाक जवळपास दिसत नाही. प्रत्येक नमुना भिंगाखाली बघावा लागतो, अंदाजाने लिहून चालत नाही.

व्यापारातला शब्द नको, डोळ्याला दिसतं ते लिहा

मुलीने पुढच्या वेळी "धूपछाव" लिहिलं. टूलने साडीवर उन्हाचे आणि सावलीचे पट्टे पाडले. तिने मग "चमकदार रेशमी" घालायचं सुचवलं.

"अंग सुती आहे ना गं? चमकदार म्हटलंस की पुन्हा सॅटिन येणार. चमक फक्त पदराला, तो आर्ट सिल्कचा आहे."

"मग धूपछाव कशी सांगू?"

"निरीला हात लावून बघ. घडीच्या धारेवर काय दिसतं?"

"धारेवर मोहरी. आत वळलेल्या भागात काळपट."

"हेच लिही."

गिऱ्हाइकाला "गोमी काठ" म्हटलं की पुरतं. टूलसाठी मात्र काठाची रुंदी, रंग आणि त्यातली नक्षी साध्या शब्दांत सांगणं जास्त भरवशाचं. शेवटी ठरलेला प्रॉम्प्ट असा:

```
या फोटोतील साडीच्या फक्त अंगाचा रंग आणि काठाची झाक बदला.
अंग: सुती, साधी वीण, मंद चमक. उभे धागे काळे,
आडवे धागे मोहरी पिवळे. लांबून दबका, हिरवट मोहरी.
घडीच्या धारेवर मोहरी, आतल्या भागात काळपट.
काठ: लाल, किंचित पिवळसर झाक; रुंदी व नक्षी तीच.
पदर: लाल, पांढरी नक्षी; काहीही बदलू नका.
घड्या, सावल्या, प्रकाश, पार्श्वभूमी तशीच ठेवा.
```

क्रमही महत्त्वाचा वाटतो मला: आधी काय बदलायचं, मग ते कापड कसं आहे, शेवटी काय जपायचं. सोबत घडीतल्या खऱ्या मोहरी साडीचा फोटो रंगाचा नमुना म्हणून जोडला, तर शब्दांवरचा भार बराच कमी होतो. तो फोटो दुकानातल्या पिवळट दिव्याखाली काढू नका. दिवसाच्या उजेडात, थेट ऊन टाळून, शेजारी पांढरा कागद ठेवून काढा. कागद फोटोत पिवळट किंवा निळसर दिसला, तर साडीचा रंगही तितकाच फसवा आलेला असतो.

मोरपंखी साडीसाठी हाच प्रॉम्प्ट घ्यायचा, अंगाच्या आणि काठाच्या ओळी तेवढ्या बदलायच्या. मात्र ती मोहरीच्या तयार फोटोवरून करायची नाही, पुन्हा मूळ डाळिंबी फोटोवरूनच करायची. फोटोवरून फोटो करत गेलं की दर वेळी नक्षी थोडी सरकते आणि वीण थोडी पुसट होते.

फोटो आल्यावर काय तपासायचं

फोटो मोठा करून पदरापासून सुरुवात करा. पांढऱ्या नक्षीची रांग मूळ फोटोशी जुळते का, पांढऱ्यावर पिवळी छटा चढली आहे का, ते बघा. जरीची साडी असेल तर हीच खूण जरीत शोधा. अंगाच्या रंगाबरोबर जरीही हिरवट किंवा निळसर होते. त्यानंतर दोन्ही फोटो कृष्णधवल करून शेजारी ठेवा. अंग कमीजास्त उजळ दिसणारच, पण निऱ्यांच्या रेषा आणि काठाची रुंदी जागच्या जागी हवी. शेवटी खरी साडी दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा.

या प्रॉम्प्टने आलेल्या पहिल्या फोटोत पदर लालच राहिला, पण सावल्या मळकट आल्या. कारण मूळ साडी गडद होती, आणि गडद कापडाच्या घड्यांतला तपशील फोटोतच हरवलेला असतो. फिकट रंग करायचा असेल, तर मूळ फोटो मध्यम रंगाच्या साडीचा घ्यावा. इथे दुसरा फोटो नव्हता, म्हणून मुलीने "सावल्या तपकिरी, स्वच्छ" एवढं वाढवलं आणि काम भागलं.

एक गोष्ट प्रॉम्प्टने साधत नाही: विणीचा जवळचा फोटो. टूल धागे स्वतःच रचतं, ते त्या साडीचे नसतात. काकांनी म्हणून प्रत्येक रंगासाठी पदराच्या जोडाचा आणि काठाचा फोटो खऱ्या साडीवरूनच काढून घेतला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या खऱ्या गुणांशी जुळली पाहिजे, आणि जाहिरातीत दाखवल्यासारखी नसलेली वस्तू विक्रेत्याला परत घ्यायला नाकारता येत नाही.

"रंग संगणकावर बदललाय, असं खाली लिहू का?" मुलीने विचारलं.

"लिही. आणि जवळचे फोटो खऱ्या साडीचे आहेत, हेही लिही."