मिडीच्या वायरीत आवाज नसतो: कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि लॅपटॉप जोडताना या चुका टाळा

नाशिकमध्ये गणपतीपासून लग्नसराईपर्यंत ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्या जोरात असतात. अलीकडे त्यांच्या स्टेजवर कीबोर्ड आणि ऑक्टापॅडच्या शेजारी लॅपटॉपही दिसतो. तिन्ही एकमेकांना मिडीने जोडलेले असतात. काही बिघडलं की सगळे आधी जॅक हलवून बघतात, मग केबल बदलतात, मग मिक्सरवाल्याला बोलतात. मिडीच्या बहुतेक भानगडींत यातलं काहीच कामाला येत नाही, कारण आपण आवाज शोधत असतो आणि वायरीतून आवाज जातच नसतो.

जातात ते छोटे छोटे हुकूम. मधला सा म्हणून पांढरी चार धरणाऱ्याने मधल्या सप्तकातली ती पट्टी दाबली, तर फक्त तीन आकडे निघतात: कोणत्या चॅनलवर स्वर सुरू झाला, कोणता स्वर, आणि पट्टी किती वेगाने खाली गेली. बोट उचललं की आणखी तीन. मधला पांढरी एक, म्हणजे सी, हा ६० नंबरचा स्वर. तो वायरीत असा दिसतो:

```
90 3C 50
80 3C 00
```

आकडे सोळाच्या पद्धतीत आहेत. पहिल्या ओळीत ‘चॅनल १, स्वर ६० सुरू, वेग ८०’. दुसरीत ‘तोच स्वर बंद’. यात व्हायोलिन की हार्मोनियम, गोड की कर्कश, किती मोठा, यातलं काही नाही. ते सगळं पलीकडचं यंत्र ठरवतं. स्वरलिपीच्या वहीत गाणं असतं पण गळा नसतो, तसंच हे.

म्हणून पहिली चूक थोडक्यात उरकतो. कीबोर्डची यूएसबी लॅपटॉपला लावली, रेकॉर्ड केलं, पट्ट्यांच्या खुणा उमटल्या आणि वाजवल्यावर शांतता, किंवा आपल्या कीबोर्डच्या सुंदर बासरीऐवजी लॅपटॉपचा पिचका पियानो. बऱ्याच कीबोर्डांची यूएसबी केवळ मिडी पाठवते. कीबोर्डचा स्वतःचा आवाज हवा असेल तर लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये वेगळी वायर न्यायलाच लागते. काही नव्या मॉडेलांत यूएसबीतून ऑडिओही येतो, पण ते मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल तर नाही असंच धरा. फाईल पाहूनही ओळखता येतं: तीन मिनिटांची मिडी फाईल काही केबींची असते, त्याच गाण्याची सीडी दर्जाची वेव्ह साधारण ३० एमबीची.

वेग म्हणजे व्हॉल्यूम, ही समजूत

पट्टी किंवा पॅड किती वेगाने दाबलं गेलं त्याचा आकडा म्हणजे व्हेलॉसिटी. १ ते १२७. जोरात मारलं की मोठा आवाज येतो म्हणून लोक तिलाच व्हॉल्यूम समजतात आणि इथे नाशिक ढोलाचं नुकसान होतं.

ऑक्टापॅडवर ढोलाचा चांगला सॅम्पल संच असेल तर एका पॅडमागे दोन-तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज असतात. हलक्या हाताची, मध्यम, आणि टिपरू पूर्ण ताकदीने बसल्याची. समजा पहिलं ७० पर्यंत वाजतं, दुसरं १०० पर्यंत, त्यापुढे तिसरं. ढोल मिक्समध्ये जरा वर आला म्हणून कोणी सिक्वेन्सरमध्ये सगळ्या व्हेलॉसिटी ओढून ६० वर आणल्या, तर आवाज कमी होतोच, पण टोला जातो. जोराच्या टोल्याच्या जागी हलक्या हाताचं रेकॉर्डिंग वाजायला लागतं. मग ‘ढोल मऊ झाला’ म्हणून इक्वलायझरने ट्रेबल चढवतात, आणि त्यातून नुसती खरखर वाढते. ढोल खाली करायचा तर चॅनलचा व्हॉल्यूम किंवा मिक्सरचा फेडर खाली करा. वाजवणाऱ्याच्या हाताचा जोर व्हेलॉसिटीत आहे, त्याला हात लावू नका.

याचीच उलटी तक्रार: ‘एवढा मारतो तरी कडक आवाज येत नाही.’ मिडी मॉनिटर नावाचे फुकट प्रोग्रॅम मिळतात, ते येणारे आकडे जसेच्या तसे दाखवतात. तो उघडा, पॅडवर जीव खाऊन मारा आणि आकडा बघा. सगळा जोर लावूनही ९० च्या वर जात नसेल तर तिसरं रेकॉर्डिंग कधी वाजणारच नाही. पॅडची सेन्सिटिव्हिटी किंवा व्हेलॉसिटी कर्व्ह बदला. आकडा १२० येतोय आणि तरी मऊ वाजतंय, तर पॅड ठीक आहे, घोळ पलीकडच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये. हार्मोनियम आणि ऑर्गनचे बरेच आवाज तर व्हेलॉसिटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. अमुक वेगाला अमुक एवढा मोठा आवाज, असं मिडीच्या नियमांत कुठे बांधलेलंच नाही, त्यामुळे एकच फाईल दोन यंत्रांवर सारखी वाजेल ही अपेक्षा सोडा.

मागच्या गाण्याचे हुकूम पुढच्या गाण्यात

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक ही. नाशिकरोडच्या एका मंडळाच्या कार्यक्रमात लॅपटॉपवरून मिडी ट्रॅक साउंड मॉड्यूलला, म्हणजे हुकूम घेऊन आवाज काढणाऱ्या डब्याला जात होते. पहिलं गाणं फेडआउटने संपलं. दुसऱ्यात सुरुवातीलाच बासरीची ओळ होती, ती आलीच नाही. ढोलक, बेस, सगळं चालू. मॉड्यूलवर चॅनल २ चा दिवा लुकलुकतोय.

“भाऊ, लाईट लागतोय, आवाज नाही. जॅक गेलाय,” कीबोर्डवाला म्हणाला.

मिक्सरवाल्याचं म्हणणं साधं होतं: “जॅक गेला असता तर ढोलक तरी कुठून आली असती, दादा? सगळं त्याच दोन वायरींतून येतंय.”

बरोबर होतं त्याचं. मॉड्यूल बंद करून चालू केलं आणि बासरी वाजली. लगेच निदान झालं: मॉड्यूल खराब. तालमीत तर कधी असं झालं नव्हतं! दुसऱ्या दिवशी मॉनिटर लावून पहिलं आणि दुसरं गाणं सलग वाजवलं तेव्हा या दोन ओळी एकामागोमाग दिसल्या:

```
B1 07 00
91 43 58
```

पहिली ओळ पहिल्या गाण्याचा शेवटचा हुकूम. B म्हणजे कंट्रोलरचा, म्हणजे व्हॉल्यूम, पेडल अशा सेटिंगचा संदेश, त्यापुढचा १ म्हणजे चॅनल २, कारण वायरीत चॅनल शून्यापासून मोजतात. 07 हा कंट्रोलर ७, चॅनलचा व्हॉल्यूम. शेवटी 00. फेडआउट करणाऱ्याने चॅनल २ वरच्या व्हायोलिनचा व्हॉल्यूम १०० वरून पायरी पायरीने शून्यावर नेला होता आणि तिथेच सोडला. दुसरी ओळ पुढच्या गाण्यातल्या बासरीचा पहिला स्वर, त्याच चॅनलवर, व्हेलॉसिटी ८८. स्वर पोचला, दिवा लागला, मॉड्यूलने वाजवलाही, पण शून्य व्हॉल्यूमवर.

कंट्रोलरची किंमत पाठवली की ती चॅनलला चिकटते. गाणं संपलं हे मॉड्यूलला कळत नाही. त्याच्या लेखी गाणं नावाची गोष्टच नाही. तालमीत प्रत्येक गाणं वेगवेगळ्या वेळी, मॉड्यूल नुकतं चालू केल्यावर वाजायचं. तेव्हा व्हॉल्यूम आपोआप कारखान्यातून आलेल्या किमतीवर असायचा, म्हणून चूक झाकली गेली.

स्टेजवर त्यांनी पॅनिक बटणही दाबून पाहिलं होतं. त्याने काही झालं नाही, आणि ते होणारही नव्हतं. पॅनिकमधून सहसा ‘सगळे स्वर बंद’ आणि ‘सगळे कंट्रोलर पूर्ववत’ हे संदेश जातात. नाव फसवं आहे: दुसऱ्या संदेशाने, म्हणजे कंट्रोलर १२१ ने, मॉड्युलेशन शून्य होतं, पेडल सुटतं, पिच बेंड मध्यावर येतं, एक्स्प्रेशन १२७ होतं, पण मिडीच्या शिफारशीनुसार चॅनलचा व्हॉल्यूम, पॅन आणि निवडलेला आवाज यांना तो हात लावत नाही.

दुरुस्ती दोन बाजूंनी केली. फेडआउट कंट्रोलर ७ ऐवजी ११ वर, म्हणजे एक्स्प्रेशनवर आणला. सात गाण्याच्या तोलासाठी, अकरा त्यातल्या चढउतारासाठी, हा रिवाज पाळला की १२१ ने तरी सुटका होते. दुसरं म्हणजे प्रत्येक गाण्याच्या आधी एक रिकामा बार जोडला आणि त्यात वापरातल्या प्रत्येक चॅनलसाठी आवाजाची निवड, व्हॉल्यूम १००, एक्स्प्रेशन १२७, पॅन ६४, पेडल ० आणि पिच बेंड मध्यावर असं सगळं लिहून टाकलं.

हे हुकूम आणि पहिला स्वर एकाच क्षणी ठेवू नका. जुन्या पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटला १० बिट, म्हणजे तीन बाइटचा संदेश जवळपास एक मिलिसेकंद घेतो. सोळाही चॅनलांचं वरचं सामान पाठवायला ९० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, शिवाय आवाज बदलायला मॉड्यूल स्वतःचा वेळ घेतं. पहिल्या मात्रेला एवढा उशीर कानाला स्पष्ट कळतो. रिकामा बार त्यासाठीच.

अडकलेला स्वर

स्वर सुरू आणि स्वर बंद हे वेगळे संदेश असल्याने दुसरा हरवला की स्वर वाजतच राहतो. पट्टी धरलेली असताना ट्रान्स्पोज किंवा ऑक्टेव्ह बदललं की काही कीबोर्डांवर हेच होतं: ६० सुरू केला आणि बंद करताना ७२ गेला. वाजवता वाजवता केबल हलली तरी तेच. मॉनिटरमध्ये ‘बंद’ शोधताना `90 3C 00` दिसलं तर तो अगदी हळू वाजवलेला स्वर समजू नका. व्हेलॉसिटी शून्य असलेला ‘सुरू’ म्हणजेच ‘बंद’, आणि कित्येक कीबोर्ड असंच पाठवतात.

अडकलं की आधी सस्टेन पेडल एकदा दाबून सोडा. स्वर थांबला तर दोष पेडलच्या संदेशाचा. रेकॉर्डिंगचा तुकडा मधेच कापला की कंट्रोलर ६४ चा १२७ तुकड्यात राहतो आणि सोडण्याचा ० कापलेल्या भागात जातो. अशा वेळी ‘सगळे स्वर बंद’, म्हणजे १२३, पाठवूनही स्वर थांबत नाहीत, कारण पेडल दाबलेलं आहे असंच यंत्र समजतं आणि स्वर धरून ठेवतं. कापलेल्या तुकड्याच्या शेवटी ६४ ची किंमत ० लिहा. ताबडतोब गप्प करायचं असेल तर १२० पाठवा. तो पेडलची पर्वा न करता आवाज तोडतो.

आणि पाय उचलल्यावरच स्वर लांबत असतील तर मिडीत काहीच शोधू नका. पेडलची दिशा उलटी आहे. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल ज्या स्थितीत असेल ती ‘सुटलेली’ धरतात, त्यामुळे स्विच टाकताना पाय पेडलवर असला की उलटं होतं. बंद करा, पाय बाजूला घ्या, पुन्हा चालू करा. तरीही उलटंच राहिलं तर पेडलच्या खाली दिशा बदलायचा छोटा स्विच आहे का ते बघा.