कुंपणच शेत खातं तेव्हा: आयक्यूआरने आउटलायर शोधताना या चुका टाळा

प्रयोगशाळेतल्या एका फ्रिजच्या तापमानाच्या दहा नोंदी होत्या. माझ्या स्क्रिप्टने त्यातल्या एका नोंदीवर खूण केली. सहकाऱ्याच्या एक्सेल शीटने मात्र त्याच दहा नोंदी बिनबोभाट पास केल्या. नियम दोघांचाही एकच होता: पहिल्या चतुर्थकाच्या खाली किंवा तिसऱ्या चतुर्थकाच्या वर, आयक्यूआरच्या, म्हणजे या दोन चतुर्थकांमधल्या अंतराच्या, दीडपटीपेक्षा दूर गेलेलं रीडिंग म्हणजे संशयित. अर्धा तास आम्ही सेन्सरला दोष देत बसलो. सेन्सर ठीक होता. आम्ही दोघांनी ही हद्द, म्हणजे कुंपण, वेगवेगळं घातलं होतं.

नोंदी चढत्या क्रमाने लावून अशा होत्या (अंश सेल्सिअस): 3.4, 3.9, 4.1, 4.2, 4.3, 4.4, 4.5, 4.7, 4.9, 5.6. भांडण होतं ते शेवटच्या 5.6 वरून.

चतुर्थक कोणत्या पद्धतीचं, हे न पाहणं

चतुर्थक म्हणजे डेटाचे चार समान भाग करणाऱ्या जागा, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण दहा आकड्यांचे चार समान भाग होत नाहीत. मग दोन आकड्यांच्या मधली जागा ठरवावी लागते, आणि ती ठरवण्याच्या बऱ्याच पद्धती आहेत. R मधल्या `quantile` फंक्शनमध्ये अशा नऊ आहेत.

माझी स्क्रिप्ट पायथनमध्ये होती. `np.percentile` काही न सांगता जी पद्धत वापरतं, तिच्यानुसार पहिलं चतुर्थक तिसऱ्या आणि चौथ्या नोंदीच्या मधे, तिसऱ्याच्या जवळ येतं: 4.125. तिसरं चतुर्थक येतं 4.65. आयक्यूआर 0.525, त्याची दीडपट 0.7875. वरचं कुंपण 5.4375, म्हणून 5.6 बाहेर. एक्सेलचं `QUARTILE.INC` हेच उत्तर देतं.

सहकाऱ्याने `QUARTILE.EXC` वापरलं होतं. त्यात पहिलं चतुर्थक 4.05 आणि तिसरं 4.75 येतं, म्हणजे आयक्यूआर 0.70. वरचं कुंपण 5.80 वर गेलं आणि 5.6 आत आलं.

गंमत पुढेच आहे. आमच्यातल्या तिसऱ्याने कागद-पेन काढलं, नोंदींचे पाच-पाचचे दोन गट केले आणि प्रत्येकाचा मध्यक घेतला: 4.1 आणि 4.7. कुंपण आलं बरोबर 5.6 वर! नियमात ‘कुंपणापलीकडे’ असं म्हटलंय, त्यामुळे नेमकं कुंपणावर बसलेलं रीडिंग आत धरायचं. म्हणजे तुलना `>` ने करायची, `>=` ने नाही. त्यातही संगणकाच्या दशांश हिशेबात 4.7 मधून 4.1 वजा केल्यावर नेमकं 0.6 मिळत नाही, शेपटीला किंचित फरक राहतो. कुंपणावरच्या नोंदीचा निकाल अशा शेपटीवर सोडण्यापेक्षा आधी सेन्सरच्या अचूकतेएवढं राउंड करून घेतलेलं बरं.

यातली कोणतीही पद्धत चूक नाही. चूक आहे ती एका अहवालात दोन पद्धती मिसळण्याची, आणि ती नकळत होते. एक्सेलमध्ये सूत्र म्हणून जुनं `QUARTILE` लिहिलं तर ते `INC` सारखं वागतं. तिथेच बॉक्स-प्लॉटचा चार्ट काढला तर त्याचं ठरलेलं सेटिंग `Exclusive median` असतं. एकाच फाइलमध्ये चार्टवरचे ठिपके आणि कॉलममधल्या खुणा जुळल्या नाहीत, तर आधी इथे बघा. पायथनमध्ये `EXC` सारखं उत्तर हवं असेल तर:

```python
q1, q3 = np.percentile(x, [25, 75], method="weibull")
```

नोंदी हजारात असतील तर हा फरक सहसा नगण्य होतो. दहा-वीस नोंदींवर मात्र निकाल उलटतो.

एकही खूण दिसत नाही

खुणा जास्त आल्या की माणूस तपासतो. शून्य आल्या की ‘डेटा स्वच्छ आहे’ म्हणून पुढे जातो, आणि तिथेच फसतो.

पहिलं कारण म्हणजे रिकाम्या नोंदी. `np.percentile` ला यादीत एक जरी `nan` सापडला तरी चतुर्थक `nan` येतं, कुंपणही `nan` होतं, आणि `nan` शी केलेली प्रत्येक ‘पेक्षा मोठं’ तुलना खोटी ठरते. स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालते आणि एकही खूण करत नाही. त्यामुळे `np.nanpercentile` वापरा, आणि कुंपणाचे दोन आकडे दर वेळी छापून डोळ्यांनी बघा. हे आकडे न बघता आलेल्या शून्य खुणांवर मी आता विश्वास ठेवत नाही.

दुसरं कारण याच्या उलट आहे: रिकाम्या जागी रिकामं न ठेवता खोटा आकडा भरलेला असणं. DS18B20 हा तापमानाचा सेन्सर अनेकांच्या वापरात असतो. त्याची वायर सुटली की अर्डुइनोवरची नेहमीची लायब्ररी -127 देते. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधीच वाचलं तर 85 येतं. असे एक-दोन आकडे असतील तर कुंपण ते पकडतं, कारण चतुर्थकं टोकाच्या आकड्यांना सहसा दाद देत नाहीत. पण ही सहनशक्ती एक चतुर्थांशापर्यंतच. वायर दिवसातले आठ तास सुटलेली असेल तर नोंदींचा तिसरा हिस्सा -127 होतो, पहिलं चतुर्थकच -127 वर जाऊन बसतं आणि आयक्यूआर 131 च्या आसपास होतो. अशा कुंपणात 85 सुद्धा आरामात मावतं. म्हणून ठरलेले त्रुटी-आकडे आधी `nan` करायचे, चतुर्थकं त्यानंतर काढायची.

तिसरं कारण सगळ्यात फसवं: दोन वेगळ्या अवस्था एका यादीत टाकणं. समजा एखाद्या खोलीत दिवसा तापमान 24 ते 26 राहतं आणि रात्री 14 ते 16. नोंदी निम्म्या-निम्म्या. सगळ्या एकत्र केल्या तर पहिलं चतुर्थक 15 च्या आसपास येतं, तिसरं 25 च्या, आणि कुंपण 0 पासून 40 पर्यंत पसरतं. मध्यरात्री सेन्सरने 22 दाखवलं तर ते उघड बिघडलेलं आहे, पण या कुंपणाला ते आदर्श वाटतं, कारण दोन्ही टोकांच्या मधोमध आहे! फक्त रात्रीच्या नोंदी घेतल्या आणि चतुर्थकं 14.5 आणि 15.5 निघाली, तर कुंपण 13 ते 17 होतं आणि 22 लगेच उघडं पडतं.

ओळखायचं कसं? हिस्टोग्राम काढा. दोन उंचवटे आणि मधे दरी दिसली तर नोंदी आधी वेगळ्या करा: तासानुसार, मशीन चालू-बंदनुसार, जे कारण असेल त्यानुसार. आकडे हळूहळू चढत किंवा उतरत असतील तर सरकत्या खिडकीचा मध्यक काढून प्रत्येक नोंद त्यापासून किती दूर आहे ते घ्या, आणि नियम त्या फरकांना लावा.

सगळीकडे खुणाच खुणा

इथे आधी आयक्यूआरचा आकडा बघा. तो शून्य तर नाही ना? सेन्सर अर्ध्या अंशाच्या पायरीने मोजत असेल आणि चाळीसपैकी एकतीस नोंदी 4.0 असतील, तर दोन्ही चतुर्थकं 4.0 येऊ शकतात. मग आयक्यूआर शून्य, कुंपण नुसती एक रेषा, आणि 4.5 दाखवणारं प्रत्येक निरोगी रीडिंग गुन्हेगार. सेन्सर जेवढा फरक ओळखू शकतो त्याहून आयक्यूआर लहान धरण्यात अर्थ नाही, म्हणून त्याला किमान मर्यादा घाला:

```python
iqr = max(q3 - q1, 0.5)   # 0.5 = सेन्सरची पायरी
```

आता कुंपण 3.25 ते 4.75 होतं. 4.5 सुटतं, 5.0 पकडलं जातं. एक पायरी पुरते की दोन लागतात, हे तुमचा सेन्सर किती डळमळतो त्यावर ठरवा.

आयक्यूआर ठीक असूनही खुणा जास्त आणि सगळ्या एकाच बाजूला असतील, तर डेटा कललेला आहे. जॉन टुकी यांचा हा नियम 1977 पासून प्रचारात आला. घंटेच्या आकाराच्या सममित वितरणात तो सुमारे 0.7 टक्के नोंदींवर खूण करतो. म्हणजे दहा हजार निर्दोष नोंदींतही सत्तरेक खुणा येणारच, त्यांनी दचकू नये. पण दोन घटनांमधला प्रतीक्षाकाळ किंवा सर्व्हरचा प्रतिसादकाळ अशा मोजमापांत उजवीकडे लांब शेपूट असते. घातांकी वितरणाचा हिशेब केला तर वरच्या कुंपणाबाहेर 4.8 टक्के नोंदी पडतात आणि खालच्या बाजूला एकही नाही, कारण खालचं कुंपण शून्याच्याही खाली जातं. अशा नोंदींचा आधी लॉग घ्या, कुंपण त्यावर घाला. शून्य किंवा ऋण आकडे असतील तर लॉग चालणार नाही. तापमान लॉगमध्ये टाकण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका, सेल्सिअसचं शून्य हे खरं शून्य नाही.

काढा, पुन्हा मोजा, पुन्हा काढा

आमच्या दहा नोंदींकडे परत येऊ. माझ्या पद्धतीत खालचं कुंपण 3.3375 होतं, म्हणून 3.4 थोडक्यात वाचलं होतं. 5.6 काढून उरलेल्या नऊ नोंदींवर तोच नियम पुन्हा लावला तर चतुर्थकं 4.1 आणि 4.5 येतात, आयक्यूआर 0.4 होतो आणि खालचं कुंपण 3.5 वर चढतं. आता 3.4 बाहेर! त्या रीडिंगमध्ये काहीही बदललेलं नाही, बदललं ते शेजारी. इथे दोन फेऱ्यांत गाडी थांबते. लांब शेपटीच्या डेटावर अशा फेऱ्या मारत राहिलात तर शेपूटच कापली जाते. नियम मूळ नोंदींवर एकदाच लावा.

त्यासाठी खूण वेगळ्या कॉलममध्ये हवी. मूळ आकडा जागेवर राहू द्या. शेजारी खूण, कुंपणाचे दोन आकडे आणि चतुर्थकाची पद्धत लिहा. आम्ही 5.6 ची वेळ फ्रिजच्या नोंदवहीत शोधली. त्याच सुमारास नमुन्यांचे ट्रे आत ठेवले जात होते आणि दार बराच वेळ उघडं होतं. रीडिंग खरं निघालं. ते खुणेसकट शीटमध्ये तसंच आहे, पुढच्या कॉलममध्ये ‘दार उघडं’ एवढाच शेरा. सहकाऱ्याच्या शीटमध्ये आता `QUARTILE.INC` आहे.